चेंडू सुसाट, फलंदाज चपळ, फटका घाईचा : समालोचनात वेगाचा शब्द कसा निवडावा

गोव्यातल्या पेडणे तालुक्यात एका सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारावर, टेनिस बॉल क्रिकेटची स्पर्धा होती. सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत मी माईकवर. रात्री घरी येऊन मोबाइलवर केलेले रेकॉर्डिंग ऐकायला बसलो आणि पहिल्या चार-पाच षटकांतच थांबलो. चेंडू ‘वेगात’ आला, फटका ‘वेगात’ गेला, क्षेत्ररक्षक ‘वेगात’ धावला, धावही ‘वेगात’ घेतली. एकदा तर मी ‘चेंडू अतिशय चपळ’ असे म्हणून गेलो होतो. दुसऱ्या दिवशी आमचे गुणलेखक काका वहीतून मान वर न करता म्हणाले, “अरे बाबा, चेंडू चपळ कसा असेल? त्याला काय हातपाय आहेत?”

काकांच्या त्या एका वाक्याने माझी वेगाच्या शब्दांकडे बघायची पद्धत बदलली. मराठीत वेगासाठी ढिगाने शब्द आहेत, पण ते एकाच्या जागी दुसरा चालतील असे नाहीत. प्रत्येक शब्दाला आपली वस्तू लागते, आपला वेळ लागतो आणि बऱ्याच शब्दांत शाबासकी किंवा ठपका आधीच भरलेला असतो. पेडणे, डिचोली, सत्तरीकडच्या गावच्या स्पर्धांत मराठीतून बोलणाऱ्यांसाठी मी हे लिहितो आहे. उदाहरणे क्रिकेटची, टेनिस बॉलची. फुटबॉलबद्दल शेवटाकडे थोडे.

आधी बघा, हलले काय

तोंड उघडण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: आत्ता नेमके काय वेगात गेले? चेंडू गेला, माणूस गेला, नुसता हात हलला, की वेळ आणि धावा भराभर सरकल्या? याचे उत्तर मिळाले की अर्धे शब्द आपोआप गळून पडतात.

चेंडू निर्जीव आहे. तो वेगवान असतो, सुसाट जातो, सणसणत येतो, गोळीसारखा सुटतो. ‘सणसणीत’ या शब्दात आवाज आहे, म्हणून तो बॅटमधून कडक सुटलेल्या फटक्याला किंवा कानाजवळून गेलेल्या चेंडूला शोभतो. ‘सुसाट’मध्ये वाऱ्याचा भाव आहे, अडवायला कोणी नसल्याचा. म्हणून दोन क्षेत्ररक्षकांच्या मधून सीमारेषेकडे निघालेल्या चेंडूला तो चपखल बसतो. वाटेत क्षेत्ररक्षक आडवा पडलेला असताना ‘सुसाट’ म्हटले की श्रोता चौकार गृहीत धरतो आणि पुढच्याच क्षणी चेंडू अडवला गेला की गोंधळतो.

‘चपळ’ मात्र जिवंत अंगाचा शब्द आहे. मांजर चपळ, माणूस चपळ, यष्टिरक्षकाचे हात चपळ. त्यात नुसता वेग नसतो. वळणे, वाकणे, दिशा बदलणे, तोल सांभाळणे हे सगळे त्यात येते. सरळ रेषेत तीस मीटर धावत जाऊन चेंडू उचलणाऱ्याला मी चपळ म्हणत नाही, तो ‘वेगाने धावला’. तोच क्षेत्ररक्षक उजवीकडे झेपावला, पडला, उठता उठता फेकला, तर ती चपळाई.

हाताच्या एका छोट्या क्रियेला ‘झटकन’, ‘पटकन’, ‘चटकन’ हे शब्द आहेत. झटकनमध्ये झटका आहे: यष्टिरक्षकाने बेल्स उडवल्या, गोलंदाजाने स्वतःच्याच चेंडूवर हात घातला. पटकनमध्ये विलंब न लावणे आहे: चेंडू पटकन उचलला, पटकन फेकला. चटकन बुद्धीलाही लागतो, ‘गोलंदाजाचा हळू चेंडू त्याने चटकन ओळखला’. या तिन्ही शब्दांना काही मीटरपलीकडची मजल झेपत नाही. ‘तो पटकन सीमारेषेपर्यंत धावला’ हे वाक्य म्हणूनच लटके वाटते.

धावा आणि बळी यांचा वेग हा निराळाच प्रकार, कारण तिथे एक गोष्ट पळत नाही, अनेक गोष्टी पाठोपाठ घडतात. धावसंख्या झपाट्याने वाढते. बळी धडाधड किंवा पटापट जातात. अर्धशतक जलद किंवा झटपट होते. मर्यादित षटकांच्या खेळाला वर्तमानपत्रांनी ‘झटपट क्रिकेट’ म्हटले ते याच अर्थाने, वेळ थोडा म्हणून. त्यातले चेंडू जास्त वेगाने पडतात म्हणून नव्हे.

दोन शब्दांबद्दल वेगळे सांगावेसे वाटते. ‘भरधाव’ आपण बातम्यांत रोज वाचतो, भरधाव ट्रक, भरधाव दुचाकी. त्यामुळे त्याला अपघाताचा वास लागला आहे. दोन क्षेत्ररक्षक एकाच उंच झेलाखाली दोन दिशांनी येत असतील तर ‘दोघेही भरधाव’ म्हणा, श्रोत्याच्या पोटात गोळा येईल आणि तो यायलाच हवा. एरवी हा शब्द राखून ठेवावा. दुसरा ‘तेज’. हिंदी समालोचन ऐकून ‘तेज गोलंदाज’, ‘तेज चेंडू’ आपल्याकडे शिरले आहेत. मराठीत तेज म्हणजे झळाळी, डोळ्यांतले, चेहऱ्यावरचे. जलदगती किंवा वेगवान गोलंदाज हा आपला शब्द तयार असताना उसना घ्यायची गरज नाही. ‘फास्ट बॉलर’ मात्र मी बिनधास्त वापरतो. मैदानात मुले तेच म्हणतात आणि तो कोणत्याही मराठी शब्दाचा अर्थ बिघडवत नाही.

मग बघा, वेळ किती आहे

हे गणित मला फार उशिरा उमगले. गोलंदाजाच्या बाजूच्या क्रीजपासून फलंदाजाच्या क्रीजपर्यंत अंतर सुमारे १७.७ मीटर. ताशी १४० किलोमीटरचा चेंडू एवढे अंतर साधारण अर्ध्या सेकंदात कापतो. आपल्या टेनिस बॉलचा चांगला गोलंदाज ताशी १०० च्या आसपास टाकत असेल असे धरले, तरी पाऊण सेकंदाच्या आतलाच खेळ. एवढ्या वेळात तोंडातून तीन-चार अक्षरे बाहेर पडतात. ‘जलदगती गोलंदाजाचा अतिशय वेगवान चेंडू’ हे म्हणेपर्यंत चेंडू यष्टिरक्षकाकडून परत निघालेला असतो.

म्हणून चेंडू हवेत असताना वेगाचे विशेषण बोलायचेच नाही. गोलंदाज धाव घेतो तेव्हा त्याच्या धावण्याबद्दल बोला, तिथे चार-पाच सेकंद मिळतात. हात वर जाताना गप्प. बॅटचा किंवा यष्ट्यांचा आवाज आला की आधी क्रियापद: ‘मारला!’, ‘हुकला!’, ‘उडाली!’ आणि वेगाचा शब्द त्याच्या मागून. ‘हुकला! सणसणत गेला बॅटच्या कडेजवळून.’ आधी घटना, मग वेग. उलट केले की माईक खेळाच्या मागे पडतो आणि मागे पडलेला माईक गर्दीच्या आरडाओरड्यात बुडतो.

जमिनीवरून सीमारेषेकडे जाणाऱ्या फटक्याला दोन-तीन सेकंद मिळतात, तिथे एक लहान वाक्य बसते. यष्ट्यांमधली एक धाव चांगल्या धावपटूला तीन सेकंदांच्या आसपास लागते, तिथेही एकच वाक्य. उंच उडालेला झेल चार-पाच सेकंद हवेत राहतो. ‘डोळ्याचे पाते लवते न लवते तोच’ हा सुंदर वाक्प्रचार आहे, पण तो उच्चारायलाच दोन सेकंद जातात. त्याची जागा घटना संपल्यावर, दोन चेंडूंच्या मधल्या शांततेत, झेल पुन्हा सांगताना.

कर्ण्याचाही विचार करावा लागतो. आमच्याकडे सड्याच्या दोन टोकांना दोन कर्णे बांधतात आणि समोरच्या डोंगरावरून आवाज परत येतो. ‘त्वरित’, ‘क्षणार्धात’, ‘शीघ्रगतीने’ यांतली जोडाक्षरे त्या घुमण्यात विरघळतात. ‘सुसाट’, ‘झपाट्याने’ टिकतात, कारण त्यांतला ‘आ’ लांबवर पोचतो. शंका असेल तर स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी माईक तपासताना ‘हॅलो हॅलो’ऐवजी हेच शब्द म्हणून बघा आणि कोणाला तरी पलीकडच्या टोकाला उभे करा.

मैदान कोणते ते विसरू नका

सड्यावरची जमीन जांभा दगडाची, वर तांबडी माती दाबलेली. तिथे साधा ढकललेला चेंडूही घसरत जातो. तोच चेंडू कापणी झालेल्या भातशेतात मारला तर पेंढ्याच्या खुंटांत आणि भेगांत अडकत अडकत थांबतो. दोन्हीकडे ‘सुसाट’ म्हणणे ही चूक. सड्यावर फटका हळू असूनही चेंडू वेगात जातो, म्हणून श्रेय जमिनीला द्या: ‘नुसती दिशा दिली आणि सड्याने चेंडू पळवला.’ शेतात चौकार गेला तर फटका खरोखरच ताकदीचा असणार, तिथे ‘खणखणीत’ म्हणायला हरकत नाही.

गोलंदाजीचा वेग मोजायला आपल्याकडे यंत्र नसते. तरी काही जण माईकवरून ‘ताशी एकशे तीस’ ठोकून देतात. हे करू नये. वेग दिसतो त्या खुणा सांगाव्यात. यष्टिरक्षक यष्ट्यांपासून किती मागे उभा आहे, चेंडू त्याच्या छातीशी येतो की घोट्याशी, फलंदाजाची बॅट चेंडू गेल्यावर खाली येते का. यष्टिरक्षक दोन चेंडूंनंतर चार पावले मागे सरकला तर तेच सांगा: ‘किपर चार पावले मागे गेला बघा.’ एवढ्यात गोलंदाजाचा वेग कळतो, आकडा न सांगता. उलट, फलंदाजाची बॅट आधीच फिरून गेली आणि चेंडू मागून आला, तर गोलंदाजाने वेग कमी केला होता. आवेशात त्या चेंडूलाही ‘वेगवान’ म्हणणारे मी ऐकले आहेत. फलंदाज चुकला म्हणून चेंडू वेगातच असला पाहिजे, अशी त्यांची समजूत होते.

चपळाई की घाई

आता खरा अवघड भाग. वर सांगितलेले शब्द चुकले तर भाषा बिघडते. इथे चुकले तर माणसावर अन्याय होतो. कर्ण्यावरून ‘घाई केली!’ असे गेले की ते अख्ख्या वाड्यावर ऐकू जाते आणि तो मुलगा संध्याकाळी त्याच वाटेने घरी जातो.

घाई, घाईघाईने, घाईगडबडीत, उतावीळपणा, घिसाडघाई. हे सगळे वेगाचेच शब्द, पण प्रत्येकात ठपका आहे. त्यातही पायऱ्या आहेत. ‘घाई’ सौम्य, कोणाकडूनही होते. ‘घाईगडबडीत’ म्हणजे हातातले काम विस्कटले, चेंडू उचलायच्या आधीच फेकायला गेला आणि सुटला. ‘उतावीळ’ मनाबद्दल आहे, थांबता येत असताना थांबला नाही. ‘घिसाडघाई’ म्हणजे परिणामाचा विचारच नाही. हा शेवटचा शब्द मी खेळाडूसाठी वापरत नाही. वेळ कमी उरला म्हणून नाणेफेकही नीट न करता सामना सुरू करणाऱ्या आयोजनाला तो लागू पडेल.

दुसऱ्या बाजूला चपळाई, तत्परता, झटपट, चोरटी धाव. ‘लगबग’ मधला, गोड शब्द आहे. त्यात गडबड आहे पण दोष नाही. षटक संपल्यावर क्षेत्ररक्षक लगबगीने जागा बदलतात, नवा फलंदाज लगबगीने पॅड बांधत येतो. ‘तातडीने’ गरजेचा शब्द. कोणाला चेंडू लागला आणि त्याला बाहेर नेले तर तातडीने, लगबगीने नव्हे.

एकच धाव. फलंदाज वाचला तर आपण ‘चोरटी धाव, काय चपळाई!’ म्हणतो, बाद झाला तर ‘नको ती घाई!’ धाव तीच, निर्णय तोच. निकाल बघून शब्द बदलणे हे समालोचन नव्हे. शब्द निर्णयाला लावायचा आणि निर्णय ज्या क्षणी झाला त्या क्षणी काय दिसत होते ते बघून लावायचा.

एक प्रसंग सविस्तर सांगतो. उपांत्य सामना, शेवटचे षटक, ९ धावा हव्यात, ४ चेंडू बाकी. फलंदाजाने चेंडू कव्हरच्या दिशेला हळूच ढकलला. कव्हरला उभा असलेला मुलगा खेळपट्टीपासून सुमारे पंचवीस मीटरवर. फलंदाज ओरडला, “ये!” पलीकडचा निघाला. क्षेत्ररक्षकाने पुढे येत एका हाताने चेंडू उचलला आणि सरळ यष्ट्यांवर मारला. पलीकडून आलेला फलंदाज हातभर कमी पडला. धावचीत.

मी त्या वेळी माईकवर म्हणालो, “अनावश्यक घाई! गरज नव्हती!” टाळ्या, शिट्ट्या, सामना पुढे गेला. रात्री रेकॉर्डिंग लावले तेव्हा आयोजकांचा व्हिडिओही होता. तो मी पाच-सहा वेळा मागेपुढे करून बघितला.

नेहमीच्या क्षेत्ररक्षणात वेळेचा हिशोब असा. ढकललेला चेंडू क्षेत्ररक्षकापर्यंत यायला सव्वा ते दीड सेकंद. वाकून उचलून फेकायला जवळपास सेकंद. फेकलेला चेंडू यष्ट्यांपर्यंत यायला एका सेकंदाच्या आसपास. एकूण सव्वातीन ते साडेतीन सेकंद. धावायला लागणारा वेळ तीन सेकंद, म्हणजे धाव होती. क्षेत्ररक्षक उभ्या जागी थांबला असता किंवा त्याने चेंडू दोन हातांनी उचलून यष्टिरक्षकाकडे दिला असता तर फलंदाज आरामात पोचला असता. तो पुढे धावत आला, एका हाताने उचलला आणि थेट यष्टी उडवली. अर्धा सेकंद त्याने वाचवला. धाव रास्त होती, ती हाणून पाडली क्षेत्ररक्षकाच्या चपळाईने. माझ्या ‘घाई’ने एकाला विनाकारण दोष दिला आणि दुसऱ्याचे श्रेय खाल्ले.

तेव्हापासून ‘घाई’ म्हणण्यापूर्वी मी तीन गोष्टी बघतो. पहिली, हाक आली का आणि ती एकच होती का. ‘ये’ आणि मग ‘राव राव’, म्हणजे थांब थांब, असे दोन्ही ऐकू आले तर गोंधळ झाला, आणि ‘गोंधळ’ हाच तिथला बरोबर शब्द, घाई नव्हे. दुसरी, चेंडू मारला तेव्हा पलीकडचा फलंदाज दोन-तीन पावले क्रीजबाहेर आलेला होता का. तो बॅट टेकवून उभाच असेल आणि तरी धाव मागितली गेली, तर मागणाऱ्याने घाई केली. तिसरी, चेंडू क्षेत्ररक्षकाच्या हातात सरळ चालला होता की बाजूला. सरळ हातात, जोरात मारलेल्या चेंडूवर धाव घेणे ही घाईच, वाचला तरीसुद्धा. वाचला तर मी म्हणतो, “मिळाली धाव, पण घाईची होती.” श्रोत्यांना हे वाक्य आवडते, कारण त्यांनाही ते दिसलेले असते.

हे तिन्ही बघायला चालू खेळात वेळ पुरत नाही हे खरे. मग काय करायचे? निकालाच्या क्षणी फक्त निकाल सांगायचा: ‘धावचीत! थेट यष्टीवर!’ ठपक्याचा शब्द पुढचा फलंदाज येईपर्यंत तोंडात धरून ठेवायचा. त्या मिनिटभरात शेजारी बसलेल्या गुणलेखकाला विचारायचे, “काका, हाक एकच होती ना?” ते दोन डोळे आपल्यापेक्षा थंड असतात. त्यानंतर दोन वाक्यांत बोला. आज तो प्रसंग परत आला तर मी असे म्हणेन: ‘धावचीत! थेट यष्टी उडवली!’ थांबा. मग, ‘धाव होती, मंडळी. कव्हरचा खेळाडू पुढे आला, एका हाताने उचलला, तिथेच खेळ झाला. फलंदाजाला दोष नाही.’

फटक्यांचेही तसेच. पहिल्याच चेंडूवर पुढे सरसावून मारणे नेहमीच उतावीळपणा नसतो. स्वप्नील अस्नोडकर हा आपला गोव्याचा सलामीवीर २००८ च्या पहिल्या आयपीएलमध्ये राजस्थान रॉयल्सकडून सुरुवातीपासून हल्ला चढवत असे. सुरुवातीच्या षटकांत वर्तुळाबाहेर क्षेत्ररक्षक कमी असतात, तेव्हा हवेतून मारणे हे ठरवून केलेले काम होते. अशा खेळाला ‘झटपट’, ‘आक्रमक’, ‘तडाखेबंद’ हे शब्द. उतावीळ कोणाला म्हणावे? ज्याने डोळ्यांसमोर सीमारेषेवर नुकताच हलवलेला क्षेत्ररक्षक बघितला आणि त्याच्याच डोक्यावरून मारायला गेला त्याला. एका चेंडूपूर्वी काय बदलले ते तुम्ही माईकवरून सांगितलेले असेल, तर पुढचा ‘उतावीळ’ श्रोत्याला पटतो. सांगितलेले नसेल तर तो नुसता शेरा ठरतो.

मोठा शब्द राखून ठेवा

‘विजेच्या वेगाने’ हे शब्द दुपारच्या पहिल्या सामन्यात तीनदा वापरले तर संध्याकाळी अंतिम सामन्यात खरोखरची वीज चमकते तेव्हा हाताशी काही उरत नाही. मी कागदावर शब्दांची उतरंड लिहून ठेवतो. चेंडूच्या वेगासाठी: बरा वेग, चांगला वेग, वेगवान, सणसणीत. क्षेत्ररक्षकासाठी: पटकन, वेगाने, चपळाईने. ‘विजेच्या वेगाने’ त्या कागदावर एकदाच आहे आणि वापरला की मी पेन्सिलने खोडतो. दिवसाला एक.

विशेषण टाळून क्रियापदाने वेग दाखवता येतो, आणि मराठी यात फार श्रीमंत आहे. ‘वेगाने धावला’पेक्षा ‘झेपावला’, ‘वेगाने आत आला’पेक्षा ‘मुसंडी मारली’, ‘वेगाने फेकला’पेक्षा ‘भिरकावला’. पण भिरकावण्यात नेम नसतो हे लक्षात असू द्या. थेट यष्टीवर बसलेल्या फेकीला भिरकावले म्हणू नये.

कोकणी शब्द घ्यावेत का, असे मला नवी मुले विचारतात. पेडण्यात मैदानावर लवकर ये म्हणायला हाक “बेगीन, बेगीन!” अशीच असते. ती हाक जशीच्या तशी माईकवर आली तर श्रोता मैदानात उतरतो. पण हाक म्हणूनच, खेळाडूच्या तोंडची. ‘फलंदाज बेगीन धावला’ असे आपल्या मराठी वाक्यात मिसळले की धड ना इकडचे ना तिकडचे. आणि सामना यूट्यूबवर सावंतवाडी, कोल्हापूरपर्यंत दिसत असतो, तिथल्यांना पहिल्यांदा वापरताना अर्थ लागेल असे वाक्य हवे: “‘बेगीन!’ पलीकडून हाक आली, आणि दोघेही निघाले.”

थेट प्रक्षेपणाने आणखी एक फरक पडला आहे. आकाशवाणीवर बाळ ज. पंडित मराठीतून क्रिकेटचे वर्णन करत तेव्हा ऐकणाऱ्याला काहीच दिसत नसे, चेंडूचा वेग शब्दानेच दाखवावा लागे. आज बघणाऱ्याला चेंडू दिसतो. त्याला ‘वेगात गेला’ हे सांगण्यापेक्षा वेग का आला, कोणामुळे आला ते सांगणे जास्त कामाचे. मैदानात कर्णा ऐकणारा, काजूच्या झाडाखाली पाठ फिरवून बसलेला म्हातारा मात्र अजून रेडिओच ऐकत असतो. त्याच्यासाठी घटना आधी, हा नियम म्हणूनच मोडू नये.

फुटबॉलला बसलात तर

गोव्यात माईक धरणाऱ्याला आज ना उद्या फुटबॉलला बोलावणे येतेच. तिथे सवयी बदलाव्या लागतात. क्रिकेटमध्ये वेगाचा क्षण अर्ध्या सेकंदाचा आणि मग मोकळा वेळ. फुटबॉलमध्ये बगलेतून चाळीस मीटर पळणारा खेळाडू पाच-सहा सेकंद पळत राहतो आणि त्यानंतर थांबा नसतो. सुरुवातीलाच ‘सुसाट’ म्हणून टाकले तर पुढचे चार सेकंद रिकामे जातात. म्हणून चढत जा: ‘डाव्या बगलेतून निघाला... एकाला टाकले मागे... वेग वाढवला... मुसंडी मारली आत!’ सर्वांत वजनदार शब्द गोलक्षेत्रात शिरताना.

संघ एकमेकांना भराभर पास देत असेल तर तो वेग चेंडूचा कमी आणि लयीचा जास्त असतो. त्याला ‘झटपट पास’, ‘छोटे छोटे, खटाखट पास’ म्हणावे. आणि घाईची कसोटी तिथेही लागू आहे: गोलसमोर एकटा असून ज्याने मान वर न करता मारला, त्याने घाई केली. दोन बचावपटू अंगावर येत असताना पहिल्याच स्पर्शात ज्याने मारला, त्याच्याकडे दुसरा वेळच नव्हता. चेंडू बाहेर गेला तरी तो घाईचा फटका नाही.

रात्रीचे काम

सामन्यानंतर रेकॉर्डिंगची वीस मिनिटे ऐका, जास्त नको. कागदावर चार रकाने: चेंडू, माणूस, हात, धावा-बळी. वेगाचा प्रत्येक शब्द ज्याच्यासाठी वापरला त्याच्या रकान्यात लिहा. एका रकान्यात एकच शब्द पाच वेळा आला असेल तर दुसऱ्या दिवसासाठी त्या रकान्यात दोन नवे शब्द वर लिहून ठेवा. चपळ शब्द चेंडूच्या रकान्यात सापडला तर त्याच्याभोवती वर्तुळ काढा. ‘घाई’ आणि ‘उतावीळ’ वेगळ्या कागदावर, प्रत्येकापुढे कोणाला म्हणालो आणि त्या तीन खुणांपैकी कोणत्या दिसल्या होत्या ते. जिथे एकही खूण लिहिता आली नाही, त्या खेळाडूचे नाव मी वहीच्या कोपऱ्यात लिहितो आणि दुसऱ्या दिवशी तो संघ मैदानात उतरला की माईकवरून आधी ती चूक दुरुस्त करतो. त्या कव्हरच्या मुलाच्या बाबतीत मला दोन दिवस थांबावे लागले, कारण मधला दिवस विश्रांतीचा होता. अंतिम सामन्यात तो त्याच जागी उभा राहिला तेव्हा पहिला चेंडू पडायच्या आधी मी त्याची फेक पुन्हा सांगितली, या वेळी नीट.